परतीचे तीस टक्के

आमच्या ऑफिसात वारा दोनच प्रकारचा होता. विरोधातला आणि मदतीचा. विरोधातला पूर्ण मोजायचा आणि मदतीचा शून्य धरायचा, हा मॅडमचा नियम. आकाश स्वच्छ असो, हवामान खात्याचा अंदाज कितीही चांगला असो, नियम बदलत नसे. "मदतीचा वारा हिशेबात धरायचा नाही. आला तर आभार मानायचे," असं त्या म्हणत आणि पुढच्या कामाला लागत.

ऑफिस म्हणजे बिबवेवाडीत एका भांड्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खाली दिवसभर स्टीलचे डबे आपटायचे, आणि वर आम्ही एका छोट्या ड्रोनचे मार्ग आखायचो. शहराच्या दक्षिण टोकाला एक धर्मादाय रुग्णालय आहे. तिथून डोंगरापलीकडच्या आरोग्य केंद्रात औषधं पोचवायची, असा तो प्रयोग होता. एकच ठरलेला हवाई मार्ग आणि त्याचीच काय ती परवानगी. मी राहायचे विश्रांतवाडीला, विमानतळाच्या इतकी जवळ की तिथे आमचा ड्रोन कमरेएवढाही उडवता आला नसता. रोज दोन बस बदलून मी शहराच्या या टोकाला यायचे, ते दुसरीकडच्या आकाशाचा हिशेब करायला.

नोकरीच्या मुलाखतीत मॅडमनी मला एकच तांत्रिक प्रश्न विचारला होता. "ड्रोन पाठीवर वारा घेऊन गेला आणि तोच वारा तोंडावर घेऊन परत आला. वारा नसताना लागली असती तेवढीच बॅटरी लागेल, की कमीजास्त?"

माझ्या आधी आत गेलेले दोघंतिघं चांगल्या कॉलेजांतले होते. जाताना फायदा, येताना तोटा, म्हणजे फिट्टंफाट, असं त्यांनी सांगितल्याचं मला नंतर कळलं. मला मात्र उत्तराआधी आमच्या पठारावरचा रस्ता दिसला. आमच्या गावात सातवीपर्यंतच शाळा होती. पुढची शाळा तालुक्याला, आणि मी सायकलवरून जायचे. आमच्याकडे पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. सकाळी वारा पाठीत बसायचा आणि शाळा पटकन यायची. संध्याकाळी तोच वारा तोंडावर, आणि घर काही केल्या जवळ येत नसे.

"जास्त लागेल," मी म्हणाले. "तोंडावरच्या वाऱ्यात आपण जास्त वेळ असतो, म्हणून. जाताना जेवढं वाचतं त्याहून जास्त येताना जातं."

मॅडमनी चष्मा काढला. "अहो, हे कुठे शिकलात?"

"सायकलवर."

"बरं झालं. पुस्तकात शिकला असतात तर आतापर्यंत विसरला असतात."

पुण्यात कौतुक असं करतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं. नोकरी गेली असं समजून मी जिना उतरले आणि खालच्या दुकानाच्या पायरीवर जरा वेळ बसले. पत्र चार दिवसांनी आलं. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. वडील शिवणकाम करतात. ते पत्र त्यांनी मशीनच्या खणात, चांगल्या कात्रीशेजारी ठेवलं. वस्तीतल्या विहाराच्या अभ्यासिकेत मला इंजिनिअरिंगची जुनी पुस्तकं आणून देणारे एक काका होते, त्यांना फोन करून मी नोकरीचं सांगितलं तर त्यांनी ती पुस्तकं पुढच्या पोरीसाठी परत मागितली. माझ्या बाजूने वाहिलेले असे वारे बरेच आहेत. त्यांतला एकही मी कधी गृहीत धरला नव्हता. म्हणूनच कदाचित मॅडमचा नियम मला कधी जाचक वाटला नाही. एक दिवस सोडून.

तो दिवस ऑगस्टमधला होता. आरोग्य केंद्रातल्या सिस्टर फोनवर होत्या. त्यांच्याकडे आदल्या दिवशी एक बाळंतपण झालं होतं. पहिलटकरीण, मुलगी झालेली, दोघी ठणठणीत. पण आईचा रक्तगट निगेटिव्ह होता आणि बाळाचा पॉझिटिव्ह.

"अशा बाईला एक इंजेक्शन द्यावं लागतं, ताई," सिस्टर मला म्हणाल्या. "बहात्तर तासांच्या आत. आमच्याकडं एकच होतं, ते गेल्या आठवड्यात संपलं. नवीन यायचं होतं तर घाटात दरड आली. दुसऱ्या रस्त्याला ओढ्याचं पाणी पुलावरनं चाललंय."

"नाही दिलं तर बाळाला काय होतं?"

"या बाळाला काहीच न्हाई. ते झोपलंय मजेत. पुढच्याला होतं. पुढच्या खेपेला आईचंच रक्त पोटातल्या बाळाच्या रक्तावर उठतं."

जे मूल अजून कुणाच्या मनातही नाही, त्याच्यासाठी ते इंजेक्शन हवं होतं.

"तिचा नवरा चालत दरड ओलांडायला निघाला होता," सिस्टर पुढे म्हणाल्या. "माती अजून सरकतीय. मी त्याला दारातच बसवून ठेवलंय. तेवढं तुमचं विमान पाठवा."

केंद्रावरची सगळी माणसं त्याला विमानच म्हणायची.

मी हिशेबाला बसले. आमचा हिशेब तुकड्यातुकड्यांनी होतो. रुग्णालयाच्या गच्चीपासून डोंगराच्या पायथ्याच्या शाळेपर्यंत पहिला टप्पा, शाळेपासून खिंडीपर्यंत चढाचा दुसरा, खिंडीपासून केंद्रापर्यंत उताराचा तिसरा. प्रत्येक टप्प्याला किती बॅटरी लागेल ते वेगळं काढायचं, कारण चढाला जास्त लागते आणि खिंडीत वारा जास्त असतो. अंदाजातला वारा जमिनीपासून थोड्याच उंचीवरचा असतो, म्हणून वर जाताना तो वाढवून धरायचा. मग केंद्रावर घिरट्या घालून दोरीने डबा खाली सोडण्याचा खर्च. मग परतीचे तिन्ही टप्पे. आणि या सगळ्यानंतर ड्रोन गच्चीवर उतरेल तेव्हा बॅटरीत तीस टक्के शिल्लक असलीच पाहिजे. हे तीस टक्के कशासाठीही खर्चायचे नाहीत. ते अनपेक्षित गोष्टीसाठी, आणि अनपेक्षित गोष्ट म्हणजे काय ते आधी ठरवता येत नाही.

केंद्र पश्चिमेला आहे. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो. म्हणजे जाताना विरोधात, येताना मदतीला. त्या दुपारच्या अंदाजानुसार जाण्याला पस्तीस टक्के लागत होते, डबा सोडायला सहा, आणि वारा नाही असं धरून परतीला अठ्ठावीस. राखीव तीस मिळवले की नव्व्याण्णव. बसत होतं, पण अगदी काठावर.

"नव्व्याण्णव," मी मॅडमना म्हणाले.

"मला दिसतंय. पाऊस?"

"दोन तास उघडीप आहे."

"मग पाठवा. खिंडीच्या आधी तपासणी. तिथं बसलं नाही तर परत."

आमचा पायलट माझ्याच वयाचा, पुण्यातच वाढलेला, बोलण्यात निम्मं इंग्रजी. त्याने रुग्णालयाच्या गच्चीवरून ड्रोन सोडला आणि आम्ही तिघं गच्चीवरच्याच पत्र्याच्या शेडखाली स्क्रीनसमोर उभे राहिलो. ड्रोन वाऱ्यात किती झुकून उडतो आणि जमिनीवरून किती वेगाने सरकतो, यावरून खरा वारा कळतो. शाळा ओलांडली तेव्हाच मला कळलं की अंदाज चुकलाय. आकडे फुगत गेले. खिंडीच्या अलीकडे तो जवळजवळ रांगत होता.

तपासणीच्या ठिकाणी मी नवीन वारा घालून बेरीज केली. जाण्याचे पस्तीस आता बेचाळीस झाले होते. एकूण एकशे सहा.

"बसत नाही," मी म्हणाले.

"अगं, पण रिटर्नला टेलविंड आहे!" पायलट म्हणाला. "तो क्रेडिट घाल ना. एकवीसमध्ये येईल घरी."

मी घातला. मन नव्हतं तरी बोटांनी घातला. बेरीज पुन्हा नव्व्याण्णव आली.

"मॅडम, नाइन्टी नाइन! मघाशी याच फिगरवर आपण टेक ऑफ केलं."

"मघाशी ते नव्व्याण्णव आपले होते," मॅडम म्हणाल्या. "आता त्यातले सात वाऱ्याकडून उसने आहेत. परत बोलवा."

"मॅडम, प्लीज. ती बाई वेट करतेय तिकडे."

"माहितीये मला. आणि खाली एक वाडी आहे. त्या वाडीवर आपला ड्रोन पडलेला मला चालणार नाही, आणि इंजेक्शन झाडात अडकलेलं तर त्या बाईलाही चालणार नाही. बोलवा."

त्याने बोलावलं. ड्रोन वळला, वाऱ्यावर बसला आणि सुसाट आला. गच्चीवर उतरला तेव्हा बॅटरीत भरपूर शिल्लक होती. जाताना खिंडीपर्यंत गेलेलं आणि येताना लागलेलं, दोन्ही बघितलं की उत्तर उघड होतं. वाऱ्याने खरंच पूर्ण मदत केली होती. तो पोचून परतही आला असता.

पायलट स्क्रीनकडे बोट दाखवून म्हणाला, "बघा. पोचला असता."

"बहुतेक," मॅडम म्हणाल्या.

तेवढंच. त्यांनी वादही घातला नाही आणि स्वतःचं समर्थनही केलं नाही. मला ते 'बहुतेक' फार लागलं. सिस्टरना फोन मला करायचा होता. मी सांगितलं, वारा जास्त होता, परत बोलवावं लागलं.

"पार दिसायला लागलं होतं का हो?" त्यांनी विचारलं. "आम्ही सगळी पटांगणात उभी होतो. तिलापण खिडकीशी बसवलं होतं, बाळ घेऊन."

"नाही सिस्टर. खिंडीच्या अलीकडेच होता."

"बरं. मग बरं. दिसून परत गेलं असतं तर वाईट वाटलं असतं तिला."

मी जिन्यात जाऊन रडले. मॅडम मागून आल्या आणि एक पायरी सोडून बसल्या. त्या शनिवार पेठेतल्या. घरात कुणी मोठ्याने रडत नाही, अशा घरातल्या. काय करायचं ते त्यांना सुचत नसावं. शेवटी त्यांनी पर्समधून राजगिऱ्याची वडी काढून माझ्यासमोर धरली.

"खा. रिकाम्या पोटी बेरजा चुकतात."

"मॅडम, तुम्हाला नाही वाटत की आपण..."

"वाटतं ना. मला काय दगड समजता काय? पण मी ज्या दिवशी वाटण्यावर ड्रोन पाठवेन, त्या दिवशी तुम्ही राजीनामा द्या." मग जरा थांबून म्हणाल्या, "उद्याचा दिवस हातात आहे. वारा सकाळी कमी असतो. बसा."

पण सकाळचा अंदाजही बरा नव्हता. वारा फारसा पडणार नव्हता आणि उघडीप त्याहून लहान होती. संध्याकाळभर आम्ही तिघं ऑफिसात त्याच तीन टप्प्यांवर डोकं फोडत बसलो. डबा हलका करून पाहिला. बर्फाच्या पिशव्या कमी केल्या, पण इंजेक्शन थंडच राहायला हवं होतं, त्यामुळे त्याला मर्यादा होती. हळू उडवलं तर बॅटरी वाचेल, असं पायलट म्हणाला. मी करून दाखवलं की तोंडावरच्या वाऱ्यात हळू जाणं उलट महाग पडतं, कारण सगळा वेळ जागच्या जागी झुंजण्यात जातो. खिंड टाळून दरीतून वळसा घेतला तर अंतर वाढत होतं, आणि तो रस्ता परवानगीत नव्हताच. केंद्रावर दुसरी बॅटरी ठेवलेली होती, पण तिचा नियमात उपयोग नव्हता. पटांगणात गुरं किंवा पोरं असली तर ड्रोन उतरू शकत नाही, आणि न उतरता परत येण्याइतकी ऊर्जा त्याच्याकडे असावीच लागते.

खालचं दुकान बंद झालं, डब्यांचा आवाज थांबला. मी परतीचा शेवटचा टप्पा पुन्हा पाहत होते. त्यात शाळेचं मैदान होतं, लाल गोलात. येताना काही बिघडलं तर उतरायची जागा म्हणून त्या मैदानाची परवानगी आम्ही आधीच घेतलेली होती. महिनोन्महिने मी त्या लाल गोलाकडे येण्याची जागा म्हणूनच बघत होते.

"मॅडम," मी म्हणाले, "तिथं उतरता येतं, तर तिथून निघता येईल का?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

"दरड वर घाटात आहे. शाळा घाटाच्या पायथ्याला. शाळेपर्यंतचा रस्ता चालू आहे. आपण ड्रोन गाडीत घालून शाळेपर्यंत नेऊ शकतो. पहिला टप्पा आपण गाडीने करायचा."

मग पायलटने कपाळावर हात मारला. "आपली व्हॅन खाली उभीये. दिवसभर खाली उभीये!"

आम्ही ड्रोनवाले. वस्तू हवेतूनच जाते, ही आमची सवय. गच्ची हा आमच्यासाठी नकाशावर खिळ्याने ठोकलेला बिंदू झाला होता. घाट बंद, म्हणजे रस्ता बंद, असं आम्ही तिघांनीही धरलं होतं. रस्ता निम्म्यापर्यंत चालू होता, हे कुणी पाहिलंच नव्हतं.

मॅडम हसल्या. मी त्यांना तसं हसताना तोवर पाहिलं नव्हतं. "वा. तीन अभियंते, आणि गाडीला चाकं असतात हा शोध लागला."

पण त्यांनी लगेच फोन उचलला. मैदान निघायलाही वापरायचं तर तशी लेखी संमती हवी होती. आरोग्य अधिकाऱ्यांशी त्या 'आपण' लावून इतक्या थंडपणे बोलल्या, की समोरच्याला नाही म्हणायला जागाच उरली नाही. मुख्याध्यापकांनी संमती कळवली आणि विचारलं, मुलांना बघू दिलं तर चालेल का?

"लांबून," मॅडम म्हणाल्या. "आणि चूप बसणार असतील तर."

सकाळी शाळेच्या मैदानावर ओलं गवत होतं आणि ढग डोंगरावर टेकलेले. खिंड मात्र मोकळी होती. मुलं व्हरांड्यात ओळीने बसली होती, खरोखरच चूप. मी बेरीज आधीच केली होती, पण गाडीच्या बोनेटवर लॅपटॉप ठेवून पुन्हा केली. वारा कालच्याइतकाच धरला. जायला चोवीस, डबा सोडायला सहा, मदत शून्य धरून यायला सोळा. राखीव तीस. एकूण शहात्तर.

"शहात्तर," मी म्हणाले.

मॅडमनी स्वतः प्रत्येक आकडा वाचला. मग वर खिंडीकडे पाहिलं. "वारा याहून वाढला तर?"

"खिंडीत दीडपट झाला तरी बसतंय. त्यापुढे नाही. त्यापुढे परत बोलवू."

"कोण बोलावेल?"

"मी."

त्यांनी मान हलवली आणि व्हरांड्याकडे गेल्या. निर्णय माझ्याकडे सोडून. हे मला त्या वेळी कळलंच नाही, कारण मी स्क्रीनवर होते.

खिंडीच्या आधीची तपासणी आली. वारा कालच्यासारखाच होता. एकदा जोराचा झोत आला आणि ड्रोन इतका झुकला की पायलटचा हात परतीच्या बटणाकडे गेला. मी नवीन आकडे घातले.

"बसतंय," मी म्हणाले. "जाऊ दे."

खिंडीपलीकडे दरीत उतरताना वारा निवळला. मग कॅमेऱ्यात केंद्राचं पत्र्याचं छप्पर आलं, आणि पटांगणाच्या कडेने माणसं. सिस्टरनी गुरं हाकलून ठेवली होती. डबा दोरीवरून खाली गेला, टेकला, दोरी सुटली. पांढऱ्या कपड्यांतली एक आकृती धावत आली. तिच्या पाठोपाठ एक माणूस धावला आणि मध्येच थांबला. आपण पुढे जायचं की नाही, हे त्याला कळत नव्हतं.

"परत," मी म्हणाले.

ड्रोन खिंड ओलांडून आमच्या बाजूला आला तेव्हाच फोन वाजला. मी स्पीकरवर टाकला.

"डबा थंड हाय," सिस्टर धापा टाकत म्हणाल्या. "तारीख बघितली, नंबर बघितला. आता देते."

मग त्यांनी फोन बंद न करताच टेबलावर ठेवला असावा. लांबून आवाज येत होते. भांड्याचा, पावलांचा, मग सिस्टरचा, अगदी वेगळ्या सुरात, "हं, झालं बाळा, झालं. एवढंच." त्या आईला बाळा म्हणत होत्या. आणि मग खरंच बाळ रडलं. व्हरांड्यातली मुलं ते ऐकून हसायला लागली. मॅडमनी त्यांना गप्प केलं नाही.

ड्रोन गवतावर उतरला. पायलटने पंखे थांबल्यावर त्याला दोन्ही हातांनी उचललं, ओल्या मांजराला उचलावं तसं, आणि आपल्या शर्टाने पुसलं.

त्यानंतर दुसरा पावसाळा सुरू होता तेव्हाची गोष्ट. आमचा प्रयोग वाढला होता, केंद्रं वाढली होती, मी आता नवीन आलेल्यांना टप्पे शिकवत होते. दुपारी सिस्टरचा फोन आला. काही पाठवायचं असेल म्हणून मी वही ओढली.

"पाठवायचं काय न्हाई हो," त्या म्हणाल्या. "ती आमची बाई आली होती. मुलगा झाला तिला. रात्री."

"कसा आहे?"

"कसा म्हणजे? पिवळा न्हाई की फिका न्हाई. गुलाबी हाय अगदी. भूक लागली की अख्खं गाव उठवतोय."

"आणि इंजेक्शन? या वेळीही लागलं असेल ना?"

"लागलं की. दिलं. आता असतं आमच्या फ्रिजात, दोन-दोन. साहेबांनी यादीतच घातलंय."

मी मॅडमना जाऊन सांगितलं. बाळ, त्याचा रंग, त्याची भूक, आणि फ्रिजमधली दोन इंजेक्शनं. त्या काहीतरी वाचत होत्या. मान वर न करताच म्हणाल्या, "म्हणजे एक गिऱ्हाईक गेलं आपलं."

मी दारापर्यंत पोचले तेव्हा त्यांनी हाक मारली.

"अहो, मुलगा ना? वजन किती म्हणाल्या?"

मी विचारलंच नव्हतं. "फोन करून विचारू का?"

"मग काय अंदाजाने सांगणार आहात?" त्या म्हणाल्या, आणि मी नंबर लावेपर्यंत आपली खुर्ची ओढून फोनच्या जवळ येऊन बसल्या.